ताटावरचा हात

जेवणाच्या टेबलावरच्या फोनबद्दल मराठीत कविता करायला बसलं, की लेखणी उठायच्या आधी तर्जनी उठते. दिवाळी अंकात, कविसंमेलनात, नातेवाइकांच्या ग्रुपवर अशा कविता आपण वाचलेल्या असतात आणि त्यांचा साचा आता पाठ झालेला आहे. घरातली माणसं बेटं होतात. संवाद ‘हरवतो’. मग ‘एके काळी’ येतं आणि त्यामागोमाग अंगण, आजीच्या गोष्टी, कंदिलाचा उजेड अशी सगळी वरात येते. शेवटी एक प्रश्न विचारलेला असतो, ज्याचं उत्तर कवीला आधीच माहीत असतं. ऐकणारे मान डोलावतात, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर दुसरंच कुणीतरी असतं. बाबांना मुलगी आठवते, मुलीला बाबा.

या कवितांचा उपदेश चुकीचा आहे असं मला म्हणायचं नाही. फोन बाजूला ठेवून जेवावं, हे कोण नाकारेल? माझी तक्रार अशी आहे की या कवितांनी ते टेबल पाहिलेलंच नसतं. त्या टेबलावर काय वाढलं होतं, कुणाचा कुठला हात मोकळा होता, मीठ कुणी कसं मागितलं, यातलं काही कवितेत येत नाही. शांतता दाखवायची असेल तर ती कुठल्या वस्तूंच्या मधे पसरली आहे ते आधी दिसायला हवं. आणि ते खरोखर दिसलं की रागवायचं बळ आपोआप कमी होतं, असा माझा दावा आहे. न रागावणं हा कवीचा सभ्यपणा समजला जातो. मला ते बारकाईने पाहण्याचं फळ वाटतं.

मराठीला रागवायची उत्तम परंपरा आहे हे मात्र विसरून चालणार नाही. संगमनेरच्या अनंत फंदींनी फटका हा प्रकारच गाजवला. सरळ बजावणारी भाषा, ठेका धरायला लावणारी चाल आणि ओळीगणिक एक ताकीद. फंदींचा फटका आजही ऐकायला गोड लागतो, त्यामुळे उपदेश आला की कविता मेली असं म्हणणारे मला अडाणी वाटतात. पण फटक्याला जागा लागते ती चावडीची. शाहीर उभा, समोर शे-दीडशे माणसं. त्यातल्या कुणालाही तो नावानिशी लागत नाही, म्हणून तो सगळ्यांना गोड लागतो. तोच फटका पाच माणसांच्या टेबलावर आणला तर तो नेम धरूनच बसतो. ‘बापानेच फोन धरला तर पोरांनी काय करावं’ असं म्हटलं, की त्या टेबलावर बाप एकच असतो.

शिवाय त्या टेबलावर रागवायचं काम आधीच कुणीतरी करत असतं. बहुतेक घरांत ते आईकडे असतं: ‘ठेवा ते आधी, गार होतंय सगळं.’ हे वाक्य कवितेपेक्षा आखूड आहे, वेळेवर येतं आणि म्हणणारीला ते म्हणायचा हक्क आहे. कवितेने तेच पुन्हा ताणून सांगण्यात काय मिळतं?

अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त बोलण्याच्या तीन रीती सांगितल्या आहेत. धन्यासारखी आज्ञा करायची, ही वेदांची रीत. मित्रासारखं समजावून सांगायचं, ही पुराणांची आणि इतिहासाची. आणि प्रिय स्त्रीसारखं मन वळवायचं, ही काव्याची. शाळा-कॉलेजात या तीन रीती पाठ करून आपण सोडून देतो. याच मम्मटाने रसाच्या दोषांची यादी दिली आहे आणि तिच्यात पहिलाच दोष असा, की जो भाव जागवायचा त्याचं नावच कवितेत घेऊन टाकायचं. करुण जागवायचा तर ‘करुण’ म्हणायचं नाही. टेबलावरच्या कवितेसाठी याहून कामाचा नियम मला सापडलेला नाही. ‘शांतता’, ‘अबोला’, ‘एकाकी’, ‘दुरावा’, ‘संवाद’ हे पाच शब्द कवितेबाहेर ठेवायचे. ते बाहेर काढले की कवीला दुसरं काहीतरी पाहावंच लागतं.

साच्यातल्या कवितेचा एक नमुना मीच इथे तयार करतो, म्हणजे कुणाच्या अंगाला लागायला नको:

चार खुर्च्या, चार बेटं,
मधे निळा समुद्र उजेडाचा.
कुठे हरवला तो संवाद,
कुठे गेली ती माणसं?

दुसरी ओळ तशी वाईट नाही. पण हे पाहणारा माणूस कुठे बसलेला आहे? चार खुर्च्या भरलेल्या आहेत आणि पाचवी नाहीच. म्हणजे कवी छताच्या पंख्याजवळ कुठेतरी तरंगतो आहे. त्याला भूक नाही, त्याचा फोन वाजत नाही, त्याच्या बोटांना वरण लागलेलं नाही. रागावणं शब्दांत येण्याआधी या बैठकीत येतं. नंतर शब्द कितीही मवाळ केले तरी वरून पाहणाऱ्याचं बोलणं वरूनच येतं. त्यामुळे पहिली दुरुस्ती शब्दांची करायची नसते. कवीने खाली उतरून ताटावर बसायचं असतं, आणि स्वतःचा फोनही बरोबर आणायचा असतो.

दुसरी अडचण ‘एके काळी’ची. कुठल्या काळी आपण जेवताना गप्पा मारत होतो? आपल्याकडे जेवताना बोलू नये असंच शिकवलेलं आहे. श्लोक म्हणायचा, चित्राहुती घालायची आणि मुकाट्याने जेवायचं. कितीतरी घरांत वडील पाटावर बसले की पोरांचा आवाज बंद होई, आणि घरातल्या बायका पुरुषांची पंगत उठल्यावर उरलेल्यात जेवत. त्या पंगतीची शांतता भीतीची होती. पुढे 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, ऐंशीच्या दशकात टीव्ही घरोघर पोचला आणि ताटं टीव्हीसमोर गेली. तेव्हाही कुणी कुणाशी बोलत नव्हतं, पण सगळे एकाच दिशेला तोंड करून बसत. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि प्रत्येकाची दिशा वेगळी झाली. अशा तीन शांतता एकामागून एक होऊन गेल्यावर चौथ्या माणसाला ‘पूर्वी असं नव्हतं’ म्हणायचा अधिकार उरत नाही. आईला आज सगळ्यांबरोबर टेबलावर बसता येतं, ही गोष्ट तर आधीच्या दोन्ही काळांपेक्षा चांगली आहे. कवितेत भूतकाळ आणायचाच असेल तर तो पुराव्यानिशी आणावा लागेल आणि मग कविता तिथेच अडकेल. मला वाटतं त्याला सरळ रजा द्यावी.

आता खरा प्रश्न. या शांततेत फोनचं म्हणून काय आहे, जे पाटावर नव्हतं, टीव्हीसमोर नव्हतं आणि वर्तमानपत्रामागेही नव्हतं? हे शोधल्याशिवाय कविता लिहू नये, कारण फोनच्या जागी ‘पेपर’ घालून जी कविता तशीच चालते, तिने फोन पाहिलेला नाही.

मला दोन गोष्टी सापडतात. पहिली हाताची. आपण हाताने जेवतो. उजवा हात खरकटा असतो, म्हणून फोन डाव्या हाताच्या अंगठ्याकडे जातो. दोन्ही हात लागले, म्हणजे पोळीचा तुकडा मोडायचा असला, की फोन कशाला तरी टेकवून उभा करावा लागतो: तांब्याला, लोणच्याच्या बरणीला, कधी उलट्या घातलेल्या वाटीला. मधेच फोन आला तर उजव्या हाताची करंगळी तेवढी बरी असते, तिने काच दाबायची. त्यात वरणाचा एखादा थेंब काचेवर पडतोच. काट्या-चमच्यांनी जेवणाऱ्या देशांतल्या कवीला यातलं काही मिळणार नाही. निळा उजेड मात्र जगातल्या प्रत्येक कवीला मिळतो, म्हणून तो मी घेणार नाही.

दुसरी गोष्ट हसण्याची. टीव्हीसमोर सगळे एकदम हसत. फोनवर माणसं वेगवेगळ्या वेळी हसतात. टेबलावरचं एक माणूस मधेच हसतं आणि बाकीच्यांना कळत नाही कशाला. हे फक्त फोनने आणलेलं आहे. यातलं काहीही वाईट नाही, हसणं चांगलंच आहे. पण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न त्या क्षणी टेबलावर येतो. कवितेचा जीव माझ्या मते इथे आहे.

साहित्य जमलं, आता छंद. पहिला मोह मुक्तछंदाचा होतो आणि मुक्तछंदात शांतता दाखवायची म्हटलं की कवी टिंबं देतो. तीन टिंबं, कधी सहा, कधी एक अख्खी रिकामी ओळ. टिंबं म्हणजे कवीने तोंडावर बोट ठेवून ‘आता गप्प राहा’ म्हणणंच आहे. वृत्तांकडे गेलं तर भुजंगप्रयात जेवणाला सवयीचा आहे, कारण ताटावर म्हणायचा समर्थांचा एक श्लोक त्याच वृत्तातला. पण त्याचा प्रत्येक चरण बारा अक्षरांनी भरलेला आणि लगावली चारदा तीच. कवायतीसारखी पावलं पडतात, मधे मोकळी जागा नाही. मनाला बजावायला ते वृत्त फार चांगलं आहे, आणि म्हणूनच इथे नको.

मला देवद्वार छंद जवळचा वाटतो. हरिपाठाचा पहिला अभंग याच छंदातला. चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चारच. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. या रचनेत दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. चौथा चरण दोन अक्षरांनी तोकडा पडतो. कानाला सहाची सवय झालेली असते, चार ऐकू येतात आणि उरलेल्या दोघांची जागा आपोआप रिकामी राहते. शिवाय त्या चौथ्याला यमकाची जोडही नाही. दुसरा-तिसरा एकमेकांना ओ देतात, चौथा एकटा. टिंबं न देता, शब्द न वापरता छंदच ते काम करतो. अर्थात छंद हमी देत नाही. याच मापात तुकोबांनी लोकांना आणि स्वतःलाही कसं फैलावर घेतलं आहे ते सगळ्यांना माहीत आहे. छंदाने जागा मिळते. तिथे काय ठेवायचं ते आपलं आपण पाहायचं.

एका घराचं रात्रीचं जेवण घेऊ. आई, बाबा, आजी, ताई, धाकटा आणि बोलणारा मधला. पहिलं कडवं बाबांच्या फोनपासून सुरू करायचं, कारण थोरल्यापासून सुरुवात केली की पोरांना लेक्चर द्यायचा धोका टळतो. पहिला खर्डा असा:

बरणीशी टेके । बाबांचा तो फोन ।
डाग त्याला दोन । वरणाचे ॥

अक्षरं बरोबर, यमक सहज. पण दुसऱ्या चरणातला ‘तो’ पाहा. सहा भरायला म्हणून तो आला आणि येताना तर्जनी घेऊन आला. घरातही चिडलेलं माणूस ‘तुझा तो फोन’ असंच म्हणतं. भरीचा शब्द निर्दोष असतो असं समजू नये. कवीच्या मनातलं खालचं काहीतरी त्यातूनच बाहेर पडतं. एकाच अक्षराची जागा आहे. तिथे ‘ही’ घातला तर? ‘बाबांचाही फोन.’ अक्षरं तितकीच. पण आता फोन एकट्या बाबांचा राहत नाही. इतरांचेही आहेत, सांगणाऱ्याचाही असणार, हे पहिल्याच ओळीत न सांगता कळतं. शेवटचं ‘वरणाचे’ हे चार अक्षरांचं शेपूटही मला हवं तिथेच आलं. काचेवर डाग म्हटल्यावर वाचणाऱ्याला काहीतरी गंभीर वाटतं, आणि निघतं वरण.

दुसरं कडवं आईचं. इथे बोलणं ठेवायचंच, कारण या टेबलावर कुणी तोंडच उघडत नाही असं दाखवणं खोटं होईल. आपल्याकडे वाढणाऱ्याला वाढताना विचारावं लागतं आणि नको म्हणायची एक जुनी खूण आहे: ताटावर आडवा हात धरणं. पंगतीत आग्रह थांबवायला आजोबाही हेच करत. आज तीच खूण नजर न उचलता करता येते.

आई विचारते । वाढू का रे भात ।
ताटावर हात । धाकट्याचा ॥

धाकट्याने उत्तर दिलेलं आहे. त्याने उद्धटपणा केलेला नाही, आईचं ऐकलेलंही आहे. फक्त उत्तर आवाजात आलं नाही. फोनचा शब्दही या कडव्यात नाही आणि तरी तो दिसतो. ‘मान खाली घालून’, ‘न पाहता’ असं काही घालायचा मोह मला झाला असता तर चौथ्या चरणात जागाच नव्हती, हा छंदाचा उपकार. आई दुखावली का? माहीत नाही. कदाचित भात कमीच होता आणि तिला बरं वाटलं. ती शंका मी मुद्दाम मोकळी ठेवतो.

तिसऱ्या कडव्यात ते हसणं. इथे सगळ्यात जपून राहावं लागतं, कारण टेबलावर आजी आहे. अशा कवितांत आजीला एकच काम असतं. तिच्याकडे फोन नसतो, ती सगळ्यांच्या तोंडाकडे पाहते, तिचे डोळे भरतात. म्हाताऱ्या माणसाला असं पुढे करून बाकीच्यांना लाजवणं हा रागवायचा सगळ्यात गोड आणि म्हणून सगळ्यात वाईट प्रकार आहे. मला आजीला पाहत बसवायचं नाही, काहीतरी करायला लावायचं आहे. ताई हसली तर आजी काय करील?

ताई खुदकन । हसते मधेच ।
आजी हसतेच । सोबतीला ॥

‘हसतेच’मधला ‘च’ यमकासाठी आला हे मी लपवत नाही, पण तो अर्थालाही लागतो. आजी हे नेहमीच करते, कारण विचारत नाही, हसणाऱ्याला एकटं हसू द्यायचं नाही एवढंच तिला ठाऊक आहे. या कडव्यात ती बिचारी नाही. टेबलावरच्या सगळ्यांत तिलाच काय करायचं ते कळलेलं आहे. शेवटचा शब्द मात्र कुणाची सोबत, कशात सोबत, असं बरंच काही मागे ठेवून जातो. ‘न कळता’ असा चौथा चरण केला असता तर अक्षरं चारच झाली असती, पण मग आजीच्या अज्ञानावर बोट गेलं असतं. ते नको.

चौथं कडवं बोलणाऱ्याचं. ते नसेल तर पहिली तीन कडवी चुगली ठरतात. पण कबुलीजबाबही नको. ‘मीही दोषी’ म्हणणारा माणूस स्वतःला फटका मारून इतरांना ऐकवत असतो. दोषाचं नाव न घेता फक्त अंगठा दाखवायचा.

माझाही अंगठा । सरकतो वर ।
पोळीचा पदर । निवलेला ॥

पोळीचा सुटलेला पदर पातळ असतो, तो आधी निवतो. अंगठा किती वेळ सरकत होता हे मिनिटांत सांगायची गरज राहत नाही. ‘पोळी गार’ म्हटलं असतं तर आईचा टेबलावरचा आवाज आला असता, ‘गार होतंय सगळं’. ‘निवलेला’ शब्दात तक्रार नाही. ताप निवतो, राग निवतो, तशी पोळीही निवते.

शेवट कुठे करायचा? फोन बंद पडले, लाइट गेली आणि सगळे गप्पा मारू लागले, असा शेवट पुष्कळांना सुचतो. तो सुखान्त म्हणजे वेष बदललेला उपदेशच. मला एक जुनी गोष्ट आठवते, जी कुठल्याही मराठी घरात सापडेल. जेवण झालं, पण गप्पा रंगल्या की माणसं हात न धुता तशीच बसत आणि बोटांवर भात वाळून जाई. ‘हात वाळले, उठा आता’ असं कुणीतरी म्हणे. वाळलेला हात ही गप्पा रंगल्याची खूण होती. आज फोन घेऊन बसलेल्यांचेही हात वाळतात. खूण तीच, कारण दुसरं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण या एका खुणेने तुलना होते आणि ‘एके काळी’ म्हणावं लागत नाही. ज्याला जुनी गोष्ट माहीत आहे त्याला ती आठवेल, ज्याला नाही त्याला नुसते वाळलेले हात दिसतील, आणि दोघांचंही वाचन खरं असेल.

हात वाळलेत । कुणीच उठेना ।
आईही म्हणेना । आवरा रे ॥

आई का म्हणत नाही? एक, तीही फोनमध्ये आहे. दोन, ती थकली आहे. तीन, सगळी माणसं एका टेबलाभोवती बसून आहेत, उठली की आपापल्या खोल्यांत जातील, म्हणून ती मुद्दाम गप्प आहे. मला तिसरं खरं वाटतं, पण ते लिहिलं तर कविता मेली. ‘आवरा रे’ हे रागवायचंच वाक्य आहे आणि ते इथे न म्हटलेलं आहे. रागावणं कवितेबाहेर ठेवण्याची ही मला सुचलेली सगळ्यात थेट वाट: त्याला आत आणायचं आणि तोंडाशीच थांबवायचं.

पाची कडवी मिळून एकशे दहा अक्षरं झाली. एवढ्यात समजा एखाद्या वाचकाने विचारलं, की हे सगळं ठीक, पण ही पळवाट नाही का? पोरांना जेवताना हातात व्हिडिओ दिल्याशिवाय घास जात नाही, नवराबायको एका छपराखाली राहून दिवसदिवस बोलत नाहीत, आणि कवी म्हणतो मी कुणाला काही बोलणार नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो शिष्टाचाराने टाळता येणार नाही. माझं उत्तर एवढंच, की तिथे कविता हे चुकीचं औजार आहे. मुलाच्या हातातून फोन काढायचा असेल तर फोन काढावा, त्याला कविता वाचून दाखवू नये. नियम करायचा असेल तर घरात बसून नियम करावा. आई-बाबांनी तो आधी पाळला तर मुलांना सांगायची सोय राहते. कवितेचं काम नियमाच्या आधीचं आहे. आपण टेबलावर काय करतो आहोत हे ज्याला दिसलेलंच नाही, त्याला नियम हा दुसऱ्याचा जुलूम वाटतो.

उलट बाजूचा धोका मला जास्त खरा वाटतो. न रागावता लिहायचं म्हणून कविता इतकी गुळगुळीत होते, की फोनही गोंडस, वरणही गोंडस आणि टेबल जाहिरातीतल्यासारखं. तसं झालं का, हे ओळखायची एक साधी रीत आहे. कविता घरातच वाचून दाखवायची. वाचल्यावर कुणीतरी ‘बघा, हेच मी सांगत होते’ म्हटलं, तर रागावणं कुठेतरी शिल्लक आहे. त्या माणसाच्या हातात तुम्ही काठी दिलीत. सगळे नुसते ‘छान’ म्हणाले तर कविता गुळगुळीत झाली. पण कुणी ‘आजी असं करते खरं’ म्हणालं, किंवा धाकट्याने ‘मला भात नकोच होता’ अशी सफाई दिली, तर जमलं. सफाई द्यावीशी वाटणं म्हणजे त्याला स्वतःचा हात दिसला, आणि त्याच वेळी त्याच्याकडे स्वतःची बाजूही आहे. कवितेने ती बाजू काढून घेतलेली नाही.

वाचताना चौथा चरण ओढायचा नाही, हेही सांगून ठेवतो. कविसंमेलनात सवय अशी, की शेवटचा शब्द दोनदा म्हणायचा आणि श्रोत्यांकडे पाहायचं. ‘वरणाचे… वरणाचे.’ असं केलं की त्या रिकाम्या दोन अक्षरांच्या जागी कवी स्वतः येऊन बसतो. चार अक्षरं म्हणायची आणि पुढच्या कडव्याकडे जाण्याआधी एक श्वास घ्यायचा, एवढं पुरे.

राहता राहिलं शीर्षक. कडव्यांतून काढलेली तर्जनी पुष्कळदा शीर्षकात जाऊन बसते, कारण तिथे छंदाचं बंधन नसतं. ‘हरवलेला संवाद’ असं वर लिहिलं की खालचं वरण, भात, आजीचं हसणं सगळं पुरावा म्हणून उभं राहतं आणि खटला सुरू होतो. ‘आवरा रे’ द्यावं तर शेवट आधीच फुटतो. मी ‘रात्रीचं जेवण’ एवढंच देईन. आणि ही कविता उद्या एखाद्या मावशीने घरच्या ग्रुपवर टाकलीच, खाली हात जोडल्याचं चित्र आणि ‘नक्की विचार करा’ अशी ओळ जोडून, तर त्या एका ओळीने तिचा पुन्हा फटका होईल. त्यावर कवीकडे काही इलाज नाही. मिळालाच तर तो मावशीला वेगळा फोन करून, खालची ओळ काढायला सांगण्याचा.